सोलापूरच्या उन्हात डार्क अकॅडेमिया: कापड, रंग आणि थर कसे जमवायचे

पहिल्यांदा मी हा पोशाख करून घराबाहेर पडले तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय गं, कुठल्या शाळेत लागलीस?" नेव्ही ब्लू ब्लेझर, पांढरा शर्ट, राखाडी पँट, पितळी बटणं. मला वाटत होतं मी जुन्या ब्रिटिश विद्यापीठातली विद्यार्थिनी दिसतेय. प्रत्यक्षात स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन करणारी नववीतली मुलगी दिसत होते. वर मार्च महिना. ब्लेझरच्या आत पाठीवरून घामाची धार चाललेली.

त्यानंतर दोन वर्षं चुका करत करत जे जमलं ते इथं लिहितेय. तुमचं कापड आणि शिलाईचे पैसे वाचावेत, एवढाच हेतू.

थोडी पार्श्वभूमी. डार्क अकॅडेमिया हे नाव २०१४-१५च्या आसपास टम्बलरवर रुळलं आणि २०२०मध्ये कॉलेजं बंद असताना सगळीकडे पसरलं. कपडे मात्र त्याहून फार जुने आहेत. १९३०-४०च्या दशकांत इंग्लंड-अमेरिकेतल्या विद्यापीठांत विद्यार्थी आणि प्राध्यापक जे घालत, तेच हे: ट्वीडचा कोट, वेस्टकोट, विणलेला स्वेटर, कॉर्डरॉय किंवा लोकरीची पँट, प्लीट्सचा स्कर्ट, तपकिरी चामड्याचे बूट. ऑक्सफर्डमध्ये भर जुलैत दुपारचं तापमान सरासरी २२-२३ अंश असतं. आपल्याकडे मे महिन्यात ४० ओलांडतं आणि जानेवारीच्या पहाटे जेमतेम १५-१६पर्यंत उतरतं. तिकडचं जसंच्या तसं उचललं की काय होतं ते वर सांगितलंच.

सोबत काय ठेवायचं

कापड घ्यायला निघताना मेजर टेप, एक ओला पांढरा रुमाल, आवडलेल्या पोशाखाचे तीनच फोटो (तीस नेलेत तर दुकानदारही गोंधळतो आणि तुम्हीही) आणि अंगाला नीट बसणारी एक जुनी पँट. काडेपेटी घरी लागेल, दुकानात नाही.

१. आधी ट्वीड म्हणजे काय ते नीट बघा

ही पायरी गाळू नका, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. ट्वीड लांबून तपकिरी दिसतं. जवळून पाहिलं तर त्यात गंजाचा लाल, शेवाळी हिरवा, मधाचा पिवळा, थोडा निळासुद्धा असतो. कारण तिथं लोकर सूत कातायच्या आधीच रंगवतात. वेगवेगळ्या रंगांची लोकर एकत्र पिंजून मग सूत काततात. म्हणून एकेका धाग्यातच चार रंग असतात आणि कापडाला खोली येते. स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवरचं हॅरिस ट्वीड असंच बनतं. १९९३च्या कायद्यानुसार ते तिथल्या बेटकऱ्यांनी आपापल्या घरातल्या मागावर विणलेलं असावं लागतं. घरात माग असणं म्हणजे काय, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

आता आपली चादर आठवा. तिच्यावरची नक्षी छापलेली नसते. सूत आधी रंगवतात आणि मग जॅकार्ड मागावर विणतात, म्हणून ती उलट्या बाजूनंही दिसते. हाच फरक कापड घेताना शोधायचा. रंग सुतात आहे की वरून दिलाय? पांढरं कापड विणून नंतर कढईत बुडवलेलं असेल तर रंग सपाट दिसतो. तपकिरी असूनही ते डार्क अकॅडेमिया वाटत नाही, पोत्यासारखं वाटतं.

दुसरी गोष्ट चमक. या पोशाखातलं जवळजवळ सगळं कापड मंद असतं, उजेड पिऊन टाकणारं. ट्वीड, कॉर्डरॉय, फ्लॅनेल, जाडसर सुती. प्रकाशात चकाकणारं कापड अंगावर चढलं की तो लग्नाचा सूट होतो, रंग कितीही गडद असो.

थोडक्यात, आपल्याला लोकरीचं वजन नकोय, लोकरीचा पृष्ठभाग हवाय. हे मला उशिरा कळलं.

२. रंग: दोन मुख्य, एक सोबतीला

नावात 'डार्क' आहे म्हणून सगळं काळं घेऊ नका. काळ्यावर काळं घातलं की तो वेगळाच पंथ होतो. इथला पाया तपकिरी घराण्याचा आहे: कॉफी, अक्रोड, तंबाखू, उंटाचा रंग. सोबतीला कोळशासारखा राखाडी, बाटलीचा हिरवा, वाइनचा लाल, आणि उजेडासाठी साईचा पांढरा. शुभ्र पांढरा टाळा. निळ दिलेला शर्ट तपकिरी पँटवर घातला की थेट ऑफिसात जायला निघाल्यासारखं दिसतं.

सुरुवातीला दोन मुख्य रंग आणि एक सोबतीचा एवढंच घ्या. माझे कॉफी, साय आणि बाटली हिरवा आहेत. तिघांपैकी कुठलेही दोन कपडे एकमेकांवर चालतात, त्यामुळे चार कपड्यांतही बऱ्याच जोड्या होतात. उंटाचा रंग सावळ्या चेहऱ्याजवळ कधी कधी मळका दिसतो. माझ्यावर दिसला, म्हणून मी तो कमरेखाली ठेवते.

सापळा इथं आहे: दुकानातल्या ट्यूबखाली तपकिरी रंग खोटं बोलतो. आत कॉफी दिसलेलं कापड बाहेर उन्हात हिरवट किंवा जांभळट निघतं. नवी पेठेत गेलात तर ताग्याचं टोक धरून दुकानाच्या पायरीपर्यंत या. दुकानदार वैतागला तरी या. वाइनचा लाल किंवा गडद हिरवा घेत असाल तर तिथंच ओला पांढरा रुमाल कापडावर दहा-बारा वेळा दाबून घासा. रुमाल रंगला तर ते कापड साईच्या शर्टावर घालता येणार नाही. पहिल्याच घामाला कॉलर गुलाबी होते.

३. कापड: लोकरीऐवजी काय

आपल्या हवेत मला चार कापडं उपयोगी पडली.

शर्टासाठी खादी. हाती कातलेलं सूत कुठं जाड, कुठं बारीक असतं, त्यामुळे पृष्ठभागाला आपोआप जिवंतपणा येतो. कोरी, न धुवट साय रंगाची खादी ही या पोशाखासाठी आपल्याकडची सगळ्यात चांगली गोष्ट आहे, असं माझं मत आहे. तिला इस्त्री मोडते हा दोष इथं गुण ठरतो. ग्रंथालयात दिवस काढलेल्या माणसाचा शर्ट कडक कसा असेल?

पँट आणि वेस्टकोटसाठी बारीक कॉर्डरॉय. ते सुतीच असतं. एका इंचात उभ्या धारा किती यावर त्याची जात ठरते. ८ धारा म्हणजे रुंद आणि जाड, ११ मध्यम, १४ ते १६ बारीक आणि हलकं. टेप लावून मोजा. सोलापूरला १४च्या खाली जाऊ नका.

कोटासाठी सुती किंवा लिनन हेरिंगबोन. माशाच्या काट्यासारखी तिरकी वीण, दोन जवळच्या छटांच्या सुतांची. लांबून ट्वीड वाटतं आणि वारा आरपार जातो. लिनन घाम पटकन सोडतं, सुती भिजलं की बराच वेळ ओलं राहतं. एप्रिलमध्ये हा फरक पाठीला कळतो.

चौथं, चौकटीचं कापड. पण चौकट विणलेली हवी, छापलेली नको. उलटी बाजू बघा. फिकट किंवा कोरी असेल तर छापील आहे, ठेवून द्या.

आता आपल्या गावाचा खास सापळा. सोलापूर गणवेशांचं गाव आहे, त्यामुळे पॉलिस्टर-व्हिस्कोसचं कापड इथं भरपूर आणि स्वस्त मिळतं. रंगही नेमके आपल्याला हवे ते: मरून, बाटली हिरवा, राखाडी, चौकट. मोह होतोच. मलाही झाला, आणि त्यातूनच तो नववीतला अवतार घडला. शाळेसाठी ते कापड उत्तम, कारण चुरगळत नाही आणि वर्षभर टिकतं. पण पृष्ठभाग सपाट, थोडी चमक, आणि आत उष्णता कोंडते. गणवेश आणि डार्क अकॅडेमिया यांचे आजोबा एकच, म्हणून तर हा घोटाळा होतो. नेव्ही आणि पांढरा एकत्र टाळा, धातूची बटणं टाळा, मोठी चौकट टाळा. एवढ्यानं काम होतं.

दुकानदार "प्युअर कॉटन" म्हणाला तरी घरी येऊन खात्री करा. कापडाच्या कडेचे चार-पाच धागे काढा, चिमट्यात धरा आणि ताटलीवर पेटवा. सुती आणि लिनन कागदासारखं जळतं, वासही कागदाचा, राख बोटानं उडते. लोकर केस जळाल्यासारखी वास मारते आणि ज्योत काढली की विझते. पॉलिस्टर वितळून आक्रसतं आणि थंड झाल्यावर टोकाला कडक मणी राहतो. कागदाचा वास आणि मणी दोन्ही आलं तर मिश्रण समजा. वितळलेला थेंब हातावर पडू देऊ नका, चांगलाच भाजतो. पूर्ण कापड घेण्याआधी दहा सेंटीमीटरचा नमुना मागून घेतला तर उत्तम, बरेच जण देतात.

४. थर: जाडी नको, कडा दिसू द्या

थर म्हणजे अंगावर अधिक कापड, असं आपल्याला वाटतं. मग आपण हरतो. फोटो पुन्हा नीट बघा. बघणाऱ्याला थर कळतात ते कडांवरून. वेस्टकोटच्या गळ्यातून कॉलर डोकावते, कोटाच्या बाहीतून बोटभर कफ दिसतो, खाली वेस्टकोटची टोकं दिसतात. आत पाठीवर काय आहे ते कुणालाच दिसत नाही. मग पाठ मोकळी ठेवायची.

वेस्टकोटचा फक्त पुढचा भाग कॉर्डरॉयचा ठेवा आणि पाठ पातळ मलमलीसारख्या सुती कापडाची. अस्तर अजिबात नको. तसंही जुन्या वेस्टकोटांची पाठ पातळ कापडाचीच असे, कारण वरून कोट असायचा, म्हणजे आपण काही भेसळ करत नाही. कोटालाही अस्तर नको. फक्त खांद्याला आणि बाहीत ठेवा, कारण बाही शर्टाला अडकता कामा नये. अस्तर काढलं की आतल्या शिवणी उघड्या पडतात. त्यांना सुती पट्टीची पायपिंग करून घ्या. शिलाई वाढते, पण कोट उघडल्यावर आतूनही देखणा दिसतो.

कापडांचा क्रम आतून बाहेर पातळ ते जाड असा ठेवा. उलटं केलं तर वरचा कपडा आतल्यावर चढत नाही, काखेत गोळा होतो.

महिन्यांचा हिशोब मी असा धरते. डिसेंबर-जानेवारीत शर्ट, वेस्टकोट, कोट असे तिन्ही थर. तेही सकाळी आणि रात्री, दुपारी कोट हातावर. पावसाळ्यात, नोव्हेंबरात आणि फेब्रुवारीत दोन. मार्चपासून जूनपर्यंत दीड: अर्ध्या बाहीचा खादी शर्ट आणि वर बिनअस्तराचा वेस्टकोट, पुढची बटणं उघडी. ज्यांना स्वेटर आवडतो त्यांनी सुती धाग्याचा बिनबाहीचा, केबल विणीचा घ्यावा. अ‍ॅक्रिलिकचा घेऊ नका, त्याला आठवड्यात गोळ्या येतात आणि तो घाम शोषत नाही.

मेच्या दुपारी हा नाद सोडा. मी सोडते.

वेस्टकोट शिवताना गळा खोल 'व्ही' आकाराचा सांगा. बंद गळ्याचं जाकीट शिवून आणलंत तर लोक विचारतील कुठल्या प्रभागातून उभे राहताय.

५. शिंप्याकडे: माझा एक पोशाख, पहिल्यापासून शेवटपर्यंत

कॉफी रंगाची कॉर्डरॉय पँट, त्याचाच वेस्टकोट आणि साय खादीचा शर्ट. माझी उंची ५ फूट ३ इंच.

खादीचा पन्हा ३६ इंच होता, म्हणून पूर्ण बाहीच्या शर्टाला अडीच मीटर घेतली. कॉर्डरॉयचा पन्हा ५८ इंच. पँटला सव्वा मीटर आणि वेस्टकोटच्या पुढच्या भागाला पाऊण मीटर, असं दोन मीटर शिंप्यानं सांगितलं. तेवढंच घेतलं आणि तिथंच फसले.

कॉर्डरॉयला लव असते. एका दिशेनं हात फिरवला तर ती गुळगुळीत लागते, उलट दिशेनं फिरवला तर बोटांना अडते. लव कुठल्या दिशेला झुकलीय यावर रंग बदलतो. वर झुकलेली असेल तर रंग गडद आणि खोल दिसतो, खाली असेल तर फिकट आणि किंचित चमकदार. म्हणून सगळे तुकडे एकाच दिशेनं कापावे लागतात. आमच्या शिंपीकाकांनी कापड पुरावं म्हणून एक पाय सुलटा आणि दुसरा उलटा कापला. साध्या कापडात हे चालतं, त्यात कसबच आहे. पण तयार पँट घालून उन्हात उभी राहिले तर एक पाय कॉफी आणि दुसरा चहा.

"ताई, कापड तर एकाच ताग्याचं आहे," काका म्हणाले. मी त्यांचा हात धरून दोन्ही मांड्यांवर कापडाची लव दाखवली. मग म्हणाले, "हे आधी बोलला असतात तर पाव मीटर जास्त मागितलं असतं."

चूक माझीच होती. दुसऱ्यांदा सव्वादोन मीटर घेतलं आणि उलट्या बाजूला खडूनं दर फुटावर बाण काढून दिले, सगळे एकाच दिशेचे, लव वर. तुम्हीही बाण काढा. तोंडी सांगितलेलं दुकानातल्या दुसऱ्या कारागिरापर्यंत पोचत नाही.

शिवायला द्यायच्या आधी कापड भिजवा. खादी रात्रभर साध्या पाण्यात ठेवून, न पिळता, सावलीत वाळवली. अडीच मीटरची दहा सेंटीमीटर आटली. हे शिवल्यावर घडलं असतं तर बाही मनगटाच्या वर गेली असती आणि कफ दिसण्याचा प्रश्नच मिटला असता. कॉर्डरॉयही भिजवा, त्याचा जादा रंग त्यातच निघतो.

मापं देताना बोलायच्या गोष्टी तीनच. पँटची कंबर नेहमीच्या जागी नको, बेंबीजवळ हवी, आणि पुढे दोन प्लीट्स. वेस्टकोट कमरपट्टीच्या खाली दोन बोटं उतरला पाहिजे, नाहीतर मधून शर्टाची पांढरी पट्टी दिसते. कोट असेल तर खांद्यात पॅड नको. पॅड घातलं की कोट मुलाखतीला निघतो. नेलेली जुनी पँट इथं कामाला येते, ढिलेपणा तिच्यावरून दाखवा. "लूज ठेवा" म्हणालात तर प्रत्येक शिंप्याचं लूज वेगळं असतं.

बटणं स्वतः घ्या. नारळाच्या करवंटीची किंवा लाकडी, मंद तपकिरी. चकाकणारं प्लास्टिक बटण एवढ्या मेहनतीवर पाणी फिरवतं.

६. बाकीचं

बूट तपकिरी, बंद, पुढून गोल. लोफर किंवा लेस असलेले. पावसाळ्यात जुनेच वापरा. चामड्याचा बारीक पट्टा, साधा डायल असलेलं घड्याळ, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. टायची गरज नाही. कवट्या, मेणबत्त्या, पिसांच्या लेखण्या हे फोटोचं सामान आहे, पोशाखाचं नाही.

काही जणी सोलापुरी चादरीचा कोट शिवा म्हणतात. दिसतो छान, पण चादरीचे रंग उजळ आणि नक्षी मोठी, त्यामुळे या पोशाखात तो एकटाच बोलतो. राखाडी-काळी किंवा तपकिरी चादर मिळाली तर तिची पिशवी शिवा. माझी आहे, आणि लोक कपड्यांआधी तिलाच विचारतात.

७. धुणं

आपल्या उन्हात गडद रंग एका उन्हाळ्यात उडतो, आणि उडतो तो दोरीवरच्या घडीवर, त्यामुळे आडवा फिका पट्टा पडतो. कॉर्डरॉय उलटं करून गार पाण्यात धुवा, पिळू नका, उलटंच सावलीत वाळवा. अर्धवट ओलं असताना हातानं लव वर करत झटका. इस्त्री सुलट्या बाजूनं कधीच नाही, लव दबली की ते चकाकायला लागतं. उलट्या बाजूनं, खाली जाड टॉवेल अंथरून, वाफेची इस्त्री. टॉवेलची सोलापुरात अडचण नसावी.

पँटच्या गुडघ्यांवर आणि बसायच्या जागी लव सगळ्यात आधी झिजते. शिंप्याकडून उरलेल्या चिंध्या मागून घ्या आणि कोपर-गुडघ्याला ठिगळ लावायला जपून ठेवा. ठिगळ लावतानाही लवेची दिशा बघा, मी पहिलं उलटं लावलं होतं.